एक पौर्णिमा, दोन चौकटी

भाचीचा न्यू जर्सीहून मेसेज आला, "मावशी, तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानाचा फोटो पाठव ना. आणि काय काय लिहिलंय ते इंग्रजीत लिहून दे, लेकाला वाचायचंय." गोष्ट 2025 सालची. फोटो काढला, तर ट्यूबलाइटची चमक नेमकी दुसऱ्या आठवड्यावर. खिडकीशी नेऊन पुन्हा काढला. माझ्या बॉलपेनच्या नोंदीही त्यात आल्याच. "गॅस लावला" हा कोणता सण, असं पोरानं नंतर विचारलं!

शुक्रवार, 8 तारखेशी अडले. चौकटीत तिथी चतुर्दशी, आणि खाली छापलंय नारळी पौर्णिमा. राखी मात्र 9 तारखेला. आधी मी नुसतं 'फुल मून, कोकोनट फेस्टिवल' लिहून मोकळी झाले होते. मग वाटलं, पोरगं म्हणेल, चंद्र एकच, मग पौर्णिमा दोन दिवस कशी? खोडलं. 'नारळी पौर्णिमा' तसंच ठेवलं आणि खाली लिहायला बसले.

चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. ती मध्यरात्रीला बदलत नाही, दुपारीही बदलेल. चौकटीत छापतात ती सूर्योदयाला असलेली तिथी. त्या शुक्रवारी पौर्णिमा लागली दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणून सकाळी चतुर्दशी. पण आमच्या हर्णैत कोळीवाड्यातली माणसं वाजतगाजत दर्याला नारळ द्यायला निघतात ती दिवस कलल्यावर, आणि तेव्हा पौर्णिमा असते. ती संपली शनिवारी दुपारी दीडच्या आत.

आता याच वेळांतून साडेनऊ तास वजा करा. भाचीकडे पौर्णिमा लागली शुक्रवारी पहाटे पावणेपाचला आणि संपली शनिवारी पहाटे चारच्या आत. म्हणजे शनिवारी तिथं सूर्य उगवला तेव्हा पौर्णिमा गेलेली. तिच्या घरी ती सबंध शुक्रवारचीच. माझं पान जसंच्या तसं उतरवलं असतं, तर पोरानं शनिवारी प्रतिपदेला राखी बांधून घेतली असती. (बांधली तर काही बिघडत नाही म्हणा.)

अष्टमीलाही मी 'आठवा दिवस' केलं नाही. ते ऑगस्टची 8 तारीखच समजलं असतं. शिवाय इथं तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ, वेळ मागेपुढे होते, पण होडी ढकलायला पुरतो. हेही त्याला लिहून पाठवलं.

चार दिवसांनी व्हिडिओ कॉल. "आजी, आज पंचमी ना? मग तुमच्याकडे पावणेचारला पाणी भरलं असेल." मी मोबाईल खिडकीकडे फिरवला. सहा वाजून गेले होते, किनाऱ्यावरच्या होड्यांच्या खालची ओली वाळू उघडी पडली होती.