वीजबिलात न दिसणारी बचत स्लाइडवर मांडताना

कारखान्यांतील दाबाखालच्या हवेची, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्यापुढच्या पाइपलाइनची तपासणी करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. गेल्या वर्षी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे काम आम्ही पूर्ण केले आणि त्या कामावर ग्राहक-अनुभवाच्या सहा स्लाइड तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आधीची स्थिती, केलेले काम आणि मोजलेला परिणाम हा क्रम ठरलेलाच होता. त्यामुळे दोन दिवसांत काम संपेल असे मला वाटले होते; प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ शेवटच्या भागातल्या एकाच आकड्यावर गेला.

विक्री विभागाची पहिली सूचना अशी होती की, कामाआधीचे आणि नंतरचे वीजबिल शेजारी-शेजारी दाखवावे. मी बिले मागवली तेव्हा कामानंतरच्या महिन्याचे बिल आधीपेक्षा जास्त निघाले. कारण उघड होते. या फाउंड्रीत लोखंड इंडक्शन भट्टीत वितळवतात आणि एकूण विजेचा फार मोठा वाटा ती भट्टीच घेते. कॉम्प्रेसरचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा होता. त्या महिन्यात मागणी वाढल्याने भट्टी अधिक चालली आणि कॉम्प्रेसरवर झालेली बचत तिच्या वापरात पूर्णपणे झाकली गेली. काम सुरू करण्यापूर्वी आम्ही कॉम्प्रेसरच्या फीडरवर स्वतंत्र मीटर बसवून चौदा दिवसांची नोंद घेतली होती, म्हणूनच पुढे काही मांडता आले. काम झाल्यानंतर आधीची स्थिती मोजता येत नाही. ती नोंद नसती तर मी या स्लाइड करायला नकार दिला असता.

पहिली स्लाइड मी तक्रारीपासून सुरू केली. कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंग विभागाच्या पर्यवेक्षकांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, “साहेब, दुपारनंतर शेवटच्या टोकाचे ग्राइंडर दमच धरत नाहीत, म्हणून आम्ही कॉम्प्रेसरचा दाब वाढवून ठेवलाय.” दाब साडेसात बारवर ठेवलेला होता. हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे घेतले, कारण फाउंड्रीतला कोणताही वाचक त्यात स्वतःचा कारखाना ओळखतो. ‘दाबाचे अपुरे नियमन’ असे लिहिले असते तर कोणी ओळखला नसता.

दुसऱ्या स्लाइडवर गळतीची चाचणी ठेवली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारे एकही यंत्र चालू नसताना कॉम्प्रेसर सुरू करायचा आणि तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा दाबत, राहतो व किती वेळ अनलोड, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरत, राहतो हे घड्याळ लावून अनेक फेऱ्यांत मोजायचे. येथे सरासरी दोन मिनिटे लोड आणि तीन मिनिटे अनलोड असे आले. म्हणजे पाच मिनिटांतली दोन मिनिटे, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 40 टक्के हवा, केवळ गळतीत जात होती. हे गणित मी स्लाइडवर पूर्ण लिहिले, कारण वाचणाऱ्याला येत्या सुट्टीत आपल्याकडे तेच करून पाहता यावे अशी माझी इच्छा होती.

केलेल्या कामाची स्लाइड मी सर्वांत लहान ठेवली. होज आणि क्विक कपलिंग बदलली, अर्धवट उघडे राहिलेले ड्रेन व्हॉल्व दुरुस्त केले, फेटलिंग विभागाजवळ हवेची एक टाकी बसवली आणि मग दाब साडेसहा बारपर्यंत उतरवला. सापडलेल्या 46 गळत्यांपैकी 38 बंद झाल्या. उरलेल्या आठ जमिनीखालच्या लाइनवर होत्या आणि त्यासाठी कारखाना बंद ठेवावा लागला असता. ‘सर्व गळत्या बंद केल्या’ असे लिहिण्याचा मोह विक्री विभागाला झाला होता, पण मी दोन्ही संख्या ठेवल्या. दाब उतरवण्यापूर्वी, जुन्याच दाबावर गळतीची चाचणी पुन्हा घेतली हेही नोंदवले. दाब कमी केला की त्याच छिद्रातून हवा कमी जाते आणि दुरुस्तीचे श्रेय फुगते. दुसऱ्या चाचणीत 40 सेकंद लोड आणि 200 सेकंद अनलोड आले, म्हणजे गळती सुमारे 17 टक्के.

खरी अडचण पाचव्या स्लाइडवर आली. आधी दिवसाला सरासरी 1,140 युनिट लागत होते, नंतर 925. म्हणजे 19 टक्के घट. पण आधीच्या चौदा दिवसांत रोज सरासरी 12 टन चांगली कास्टिंग निघत होती आणि नंतरच्या चौदा दिवसांत साडेतेरा टन. प्रतिटन हिशेब केला तर 95 युनिटांवरून साडेअडुसष्ट, म्हणजे 28 टक्के घट. साहजिकच हाच आकडा वापरावा असा आग्रह झाला. मला तो पटला नाही. गळती उत्पादनावर अवलंबून नसते. 12 टन काढा किंवा साडेतेरा, त्याच छिद्रांतून तासाला तेवढीच हवा जाते. म्हणून आम्ही एकही होज बदलला नसता तरी उत्पादन वाढल्यावर प्रतिटन वापर काही प्रमाणात घटलाच असता. ती घट आमच्या कामाची नव्हे. उलट 19 टक्क्यांत वाढलेल्या उत्पादनाची हवा मिसळलेली असल्याने तो आकडा कामाला न्याय देत नव्हता.

शेवटी नंतरच्या नोंदींतून मी असे दिवस वेगळे काढले, ज्या दिवशी उत्पादन 12 टनांच्या आसपास होते आणि पाळ्या तेवढ्याच होत्या. त्या दिवशी सरासरी 880 युनिट लागले होते. घट 23 टक्के. असे दिवस पाचच होते, आणि ती संख्याही मी आलेखाखाली लिहिली. शीर्षकाच्या जागी ‘परिणाम’ या शब्दाऐवजी पूर्ण वाक्य ठेवले: ‘सारख्याच उत्पादनाच्या दिवशी कॉम्प्रेसरची वीज 23 टक्क्यांनी कमी झाली.’ पहिल्या मसुद्यात आलेखाचा उभा अक्ष 700 पासून सुरू होत होता आणि घट निम्म्याहून मोठी भासत होती. तो शून्यापासून सुरू केला.

मसुदा ग्राहकाकडे गेल्यावर त्यांनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या, कंपनीचे नाव आणि टनांचे आकडे, कारण रोजचे उत्पादन किती हे स्पर्धकांना कळू नये. नावाऐवजी ‘कोल्हापूर परिसरातील लोखंडी ओतकामाचा कारखाना’ असे लिहिले. टन गेले तरी ‘सारख्याच उत्पादनाच्या दिवशी’ हे शब्द टिकले, त्यामुळे तुलना अबाधित राहिली. प्रतिटन आकड्यावर स्लाइड उभी केली असती तर या टप्प्यावर तिच्यामागचा हिशेब दाखवताच आला नसता. लेखी संमती मिळाल्यावरच आम्ही स्लाइड वापरायला घेतल्या.

सहाव्या स्लाइडवर उरलेल्या गळतीचा आकडा आणि पुढच्या चाचणीची तारीख होती. सहा महिन्यांनी मी ती चाचणी स्वतः घेतली: एक मिनिट लोड, साडेतीन मिनिटे अनलोड, म्हणजे गळती 22 टक्क्यांवर परत चढलेली. नव्या होजपैकी काहींची कपलिंग सैल झाली होती. विक्री विभागाशी एकदा बोलून तो आकडा मी तारखेसह त्याच स्लाइडवर, 17 टक्क्यांच्या शेजारी लिहिला.