आमची वाटचाल: एका ग्रॅमचा हिशेब

आमच्या कारखान्याची सुरुवात त्रिफळा, सितोपलादी अशा चूर्णांपासून झाली. आरोग्यवर्धिनीसारखे रसकल्प आम्ही पुढे, वैद्यांच्या मागणीवरून करू लागलो आणि धातूंचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हाच आमच्या दारात आला.

आरोग्यवर्धिनीत कज्जलीच्या, म्हणजे पारा आणि गंधक एकत्र खलून केलेल्या काळ्या पुडीच्या रूपाने पारा मुद्दाम घातलेला असतो. पाठानुसार त्याचे प्रमाण वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे २०,००० पीपीएमच्या वर जाते. केवळ वनस्पतिजन्य औषधांत मात्र पाऱ्याची मर्यादा १ पीपीएम, शिशाची १०, आर्सेनिकची ३ आणि कॅडमियमची ०.३ आहे. एकाच मिक्सरमध्ये दोन्ही प्रकार होत असतील आणि भिंतीला आरोग्यवर्धिनीची एक ग्रॅम पूड चिकटून राहिली, तर त्या पुडीतला २० मिलिग्रॅम पारा पुढच्या दहा किलो चूर्णात मिसळून २ पीपीएम, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट होतो. हा हिशेब कागदावर मांडल्यानंतर आम्ही रसकल्पांसाठी खोली, खल, चाळण्या आणि मिक्सर वेगळे केले. खर्च झोंबला, पण एका ग्रॅमचीही चूक चालणार नसेल, तर नुसत्या धुण्यापुसण्यावर भरवसा ठेवता येत नव्हता.

वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र या कसोट्या आम्ही आजही घेतो. त्यांतून भस्म किती सूक्ष्म झाले आणि त्यात धातूची चमक उरली का, हे कळते. शरीरात शिसे किंवा पारा किती शोषला जाईल, हे कळत नाही. नियामकांची चिंता नेमकी इथे आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांच्या निर्यातीसाठी भारत सरकारने २००६ पासून धातूंची तपासणी सक्तीची केली. पारा गंधकाशी बांधलेला आहे हे आपले म्हणणे खरे असले, तरी नागभस्मातले शिसे पोटातल्या आम्लात विरघळणारच नाही, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून ग्राहकांनी आणि वैद्यांनी आमच्याकडेही अहवाल मागावा. अहवालावरचा बॅच क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कच्च्या मालाचा किंवा मागच्या वर्षीचा अहवाल चालवून घेऊ नये. चारही धातूंपुढे ‘योग्य’ असा शेरा नको, आकडा हवा, आणि ‘आढळले नाही’ लिहिले असेल तर उपकरण किती कमी प्रमाण मोजू शकते तेही नोंदलेले हवे. नमुना कसा विरघळवला, हेही विचारावे, कारण हिंगुळासारखे पाऱ्याचे गंधकयुक्त रूप साध्या नायट्रिक आम्लात नीट विरघळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. उघड्यावर जाळून राख केली तर पारा उडूनच जातो. प्रयोगशाळेला एनएबीएल मान्यता असल्यास ती जड धातूंच्या चाचणीसाठी आहे का, हे मान्यतापत्राच्या व्याप्तीत पाहावे आणि शंका आली तर अहवाल क्रमांक सांगून थेट प्रयोगशाळेला फोन करावा. रसकल्पाच्या अहवालात पारा १ पीपीएमच्या आत दाखवला असेल, तर आमचा पहिला प्रश्न असतो की गोळीत कज्जली खरोखर घातली होती का.