दौलताबादचा परिच्छेद: ‘ऑफ विच’ कुठे काढलं, ‘व्हेअर’ कुठे अडलं

मराठवाड्यातल्या ठिकाणांची इंग्रजी वर्णनं लिहिण्याच्या उद्योगात सध्या दौलताबादचा किल्ला हाती आहे. परिच्छेद छोटाच आहे, पण संबंधी उपवाक्यांचे घोटाळे त्यात एकाच वेळी दिसतात. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो, मोठ्याने वाचली की कानाला लगेच खटकतात.

पहिल्या खर्ड्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘दौलताबाद इज अ फोर्ट द मोट ऑफ विच इज डीप, द हिल ऑफ विच वॉज कट स्ट्रेट, अँड व्हेअर मेनी टुरिस्ट्स व्हिजिट.’ एका वाक्यात दोनदा ‘ऑफ विच’ आणि शेवटी चुकीचं ‘व्हेअर’.

आधी ‘ऑफ विच’. हे येतं कुठून, तर ‘हूज फक्त माणसांसाठी’ या शिकवणीतून. नियम म्हणून ती टिकत नाही. जुन्या इंग्रजीतलं ‘हूज’चं मूळ रूप ‘कोणाचं’ आणि ‘कशाचं’ या दोन्हींसाठी एकच होतं, आणि चांगलं इंग्रजी गद्य आजही किल्ला, नदी, झाड, घर यांना ‘हूज’ बिनदिक्कत लावतं. आपल्याला तर याचं नवल वाटायलाच नको. ‘ज्याची तटबंदी’ म्हणताना किल्ला सजीव आहे की निर्जीव, हे मराठी विचारत नाही. फरक इतकाच की आपलं ‘ज्याचा-ज्याची-ज्याचे’ पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, ‘हूज’ अजिबात बदलत नाही.

बदलाची कृती सोपी आहे. ‘द मोट ऑफ विच’ दिसलं की ‘ऑफ विच’ काढा, ‘द’ काढा आणि नामाच्या आधी ‘हूज’ ठेवा: ‘अ फोर्ट हूज मोट इज डीप’. ‘द’ काढायला लोक विसरतात आणि ‘हूज द मोट’ करून बसतात. दुसरी चूक खास आपली: ‘ज्याचा… त्याचा’ ही जोडी कानात इतकी पक्की असते की ‘हूज इट्स मोट’ लिहिलं जातं. इंग्रजीत जोडीतला दुसरा भाग नसतो. लेखनात आणखी एक सापळा आहे. अपॉस्ट्रॉफीवालं ‘हू इज’चं लघुरूप उच्चाराला अगदी ‘हूज’सारखंच असतं. शंका आली तर त्या जागी ‘हू इज’ पूर्ण म्हणून पाहा. वाक्य मोडलं, तर अपॉस्ट्रॉफी नको.

मात्र ‘ऑफ विच’ सरसकट हद्दपार करू नका. समूहातला एक भाग सांगायचा असेल तिथे तेच लागतं. किल्ल्यावरच्या मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. तिच्यासाठी ‘द गन्स, वन ऑफ विच एंड्स इन अ रॅम्स हेड’ हेच बरोबर. इथे ‘हूज’ बसवायला गेलात तर वाक्यच उरत नाही. ‘टू ऑफ विच’, ‘मोस्ट ऑफ विच’, ‘नन ऑफ विच’ यांचंही तसंच.

आता ‘व्हेअर’. इथे मराठी आपल्याला चकवते, आणि बहुतेक शिकवण्यांत हे सांगतच नाहीत. ‘व्हेअर मेनी टुरिस्ट्स व्हिजिट’ का चुकलं? आपण ‘किल्ल्याला भेट देतो’ म्हणतो. ‘-ला’ आलं, म्हणजे जागा आली, म्हणजे ‘व्हेअर’, असा हिशोब मनात होतो. पण इंग्रजीत ‘व्हिजिट’ला थेट कर्म लागतं: ‘व्हिजिट द फोर्ट’. उपवाक्यात त्या कर्माची जागा ‘विच’ किंवा ‘दॅट’ घेतं, किंवा काहीच येत नाही: ‘अ फोर्ट मेनी टुरिस्ट्स व्हिजिट’.

आपल्या प्रत्ययामुळे फसवणारी अशी क्रियापदं ठरलेली आहेत. आपण डोंगरावर चढतो, गुहेत शिरतो, गावाला पोहोचतो; इंग्रजीत ‘क्लाइम्ब’, ‘एंटर’ आणि ‘रीच’ यांना डोंगर, गुहा, गाव थेट चिकटतात. म्हणून ‘द केव्ह वी एंटर्ड’ लिहायचं, ‘द केव्ह व्हेअर वी एंटर्ड’ नाही. त्याच गावासाठी ‘अराइव्ह’ वापरलं तर मात्र ‘व्हेअर’ चालतं, कारण ‘अराइव्ह’ला थेट कर्म घेता येत नाही. थोडक्यात, मराठी प्रत्यय विसरा आणि इंग्रजी क्रियापदाला विचारा. उपवाक्य सुटं काढा आणि शेवटी ‘देअर’ लावा. ‘द सुलतान वॉज हेल्ड देअर’ चालतं, मग ‘व्हेअर’ द्या. ‘टुरिस्ट्स व्हिजिट देअर’ चालत नाही, ‘इट’ लागतं, मग ‘विच’.

तपासून झाल्यावर ते ‘देअर’ वाक्यात ठेवायचं नाही. ‘जिथे… तिथे’च्या सवयीने ‘व्हेअर इट इज डार्क देअर’ असं राहून जातं. ‘द प्लेस व्हेअर वी वेंट टू’ मधलं शेवटचं ‘टू’ही असंच फालतू.

एक बारीक जागा मात्र अडली. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून इथे हलवली. ‘देवगिरी, व्हेअर तुघलक मूव्हड हिज कॅपिटल’ व्याकरणाने खपतं, पण वाचणाऱ्याला क्षणभर वाटू शकतं की तुघलक देवगिरीतच काहीतरी हलवत होता. दिशा दाखवायची आहे, म्हणून इथे ‘टू विच’ ठेवलं. जड वाटलं तरी अर्थ पक्का राहतो.

स्वल्पविरामाचं थोडक्यात: विशेषनामानंतर उपवाक्य आलं तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम. ‘दौलताबाद’ म्हटल्यावर कोणता किल्ला ते कळलेलंच असतं, पुढची माहिती जादाची. ‘अ फोर्ट’नंतर उपवाक्यच ओळख सांगतं, म्हणून स्वल्पविराम नाही.

सध्याचा खर्डा असा आहे:

‘दौलताबाद, हूज हिल वॉज कट शिअर ऑल अराउंड, स्टँड्स अबाउट 15 किलोमीटर्स फ्रॉम छत्रपती संभाजीनगर. व्हिजिटर्स क्रॉस अ डीप मोट अँड एंटर द अंधेरी, अ डार्क पॅसेज हूज टर्न्स कन्फ्यूज्ड अटॅकर्स. लोअर डाउन इज द चिनी महाल, व्हेअर द लास्ट सुलतान ऑफ गोवळकोंडा वॉज हेल्ड.’

खंदकासाठीचं उपवाक्य यात पार गेलं, ‘अ डीप मोट’ या दोन शब्दांत काम झालं. ‘हूज’नंतर नुसतं ‘इज’ आणि एखादं विशेषण येत असेल, तर ते विशेषण नामाच्या आधी टाकणं जवळजवळ नेहमीच बरं. ‘हूज’ उरलं ते फक्त जिथे उपवाक्यात काही घडतं तिथे: डोंगर तासला गेला, वळणांनी शत्रूला गोंधळवलं.

तरी पहिल्या दोन वाक्यांत ‘हूज’ लागोपाठ आलंय आणि ते कानाला टोचतं. एक पर्याय ‘विथ’चा: ‘अ डार्क पॅसेज विथ टर्न्स दॅट कन्फ्यूज्ड अटॅकर्स’. यात ‘दॅट’ वाढतं, पण ‘हूज’चा ठेका मोडतो. दुसरा पर्याय पहिलं वाक्य फोडण्याचा: ‘द हिल वॉज कट शिअर ऑल अराउंड’ हे स्वतंत्र वाक्य करायचं आणि अंतर आधी सांगून टाकायचं. मला दुसरा पटतो, कारण तासलेला कडा ही या किल्ल्याची खरी ताकद आहे आणि ती उपवाक्यात दडवण्यासारखी नाही. तोफांचं वाक्य अजून जोडायचंय. ते चिनी महालानंतर येईल, ‘वन ऑफ विच’सकट.