आभाराच्या खाली ती एक ओळ

माझ्या चकली-भाजणीच्या पेजवर ५,००० फॉलोअर झाले. चिऊने लगेच कॅप्शन लिहून पाठवलं: ‘आपलं कुटुंब पाच हजारांचं! शेअर करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, एक पाकीट जिंका!’ पोरीने मनापासून केलंय, तरी संध्याकाळपासून ते मला टोचतंय.

खरं तर आधी वाईटच वाटलं. पाच हजार लोक, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या स्वयंपाकघरातून भाजणी जाते ती त्याच ओळखीच्या घरी. बाकीचे नुसतं बघतात का? आई असती तर... असो.

पण टोचतंय ते वेगळंच. आभार मानले आणि खालीच काम सांगितलं, तर वरचे आभार कामापुरतेच वाटतात. लाईक करा, टॅग करा म्हणणाऱ्या पोस्ट मागे ढकलू, हे तर फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. त्यात बक्षीस ठेवलं की पाकिटासाठी येणारे येतात. निकाल लागला की त्यातले बरेच निघून जातात, आणि राहतात त्यांनाही चकली करायची नसते. तरी माझं कारण ते नाही. मला मागायचंच नाहीये.

मग आभार कशाचे? ‘प्रेमाबद्दल धन्यवाद’ तर साडीचं दुकानही लिहील.

अलकापुरीच्या बेननी मागच्या दिवाळीआधी फोटो पाठवला होता: चकली सोऱ्यातून पडतानाच तुटतेय, काटे येतायत पण वेटोळं होत नाहीये. खाली लिहिलं होतं, पाणी किती घालायचं ते पाकिटावर कुठे आहे? पीठ कोरडं राहिलं होतं. तेव्हापासून पाकिटावर छापतेय की मोहन घालून उकळतं पाणी ओता, झाकून पंधरा मिनिटं ठेवा, मगच मळा; तरी तुटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. ती ओळ त्यांच्यामुळे आली. आभार मानायचे ते याचे.

आकडा फोटोवर मोठा लिहिलेलाच आहे, तो कॅप्शनमध्ये पुन्हा कशाला? पहिल्या काही ओळींनंतर मजकूर दुमडला जातो, म्हणून खरी गोष्ट आधी यायला हवी. नाव न घालता लिहिलं, आणि त्यांना विचारूनही घेतलं:

‘“पाणी किती?” असं एका ताईंनी विचारलं, म्हणून आज पाकिटावर कृती आहे. असे प्रश्न विचारणाऱ्या, तुटलेल्या चकलीचा फोटो न लाजता पाठवणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. यंदाची भाजणी दळायला घेतलीय.’

एवढंच. खाली ना दर, ना नंबर. ज्याला हवंय तो विचारतोच, आजवर विचारतच आलेत. जे नुसतं बघतात त्यांनी बघावं, बघायलाही कुणी पैसे मागितलेत का!

चिऊला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, निदान एक हॅशटॅग तरी?” बडोदा टाक म्हटलं.