फोटोतली सायकल आणि भाचीची उंची

मंगळवार, रात्र

संध्याकाळी ताईने फोटो पाठवला. भाची २० इंची सायकलशेजारी उभी, एक हात हँडलवर, चेहराभर हसू. खाली एकच ओळ: "बसेल ना रे हिला? उद्या घेऊनच टाकते." पहिल्या नजरेला मलाही ती सायकल मापात वाटली. सीट कंबरेच्या किंचित खाली, हँडल छातीशी. मी 'घे' असं लिहिणारच होतो, पण तिच्या बुटांकडे लक्ष गेलं आणि थांबलो.

टायर जिथे जमिनीला टेकला होता, त्या रेषेच्या बऱ्याच खाली तिचे बूट होते. म्हणजे ती सायकलच्या रेषेत उभी नव्हती, सायकलच्या पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ होती. जवळची वस्तू मोठी दिसते, आणि इथे नेमकी मुलगी मोठी दिसत होती.

मग लॅपटॉपवर फोटो उघडला आणि पट्टी घेऊन बसलो. अशा फोटोत माप सायकलच्या चाकातच दडलेलं असतं. २० इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलच्या टायरवर बाजूला ४७-४०६ असा आकडा असला, तर टायर ४७ मिलीमीटर जाड आणि रिमवर तो बसतो तिथला व्यास ४०६ मिलीमीटर. ४०६ मध्ये दोन्हीकडची जाडी मिळवली की ५०० होतात, म्हणजे चाक बरोबर ५० सेंटीमीटर उंच. ताईला आकडा वाचायला सांगितला, हाच निघाला. फोटो इतका मोठा केला की चाक पडद्यावर ५ सेंटीमीटर उंच दिसेल. आता पडद्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातले १०.

चाक मी उभंच मोजलं, वरून खाली. आडवं मोजून चालत नाही, कारण सायकल जराशी तिरकी उभी असली तरी चाक लंबगोल दिसतं आणि आडवं माप कमी भरतं. उभ्या मापाला त्याचा फारसा धक्का लागत नाही.

सीटचा वरचा भाग जमिनीपासून ६.२ भरला, म्हणजे ६२ सेंटीमीटर. सीटचा दांडा क्लॅम्पच्या वर जेमतेम ०.४ दिसत होता. याचा अर्थ सीट आणखी फार तर ४ सेंटीमीटर खाली जाईल आणि ५८ वर अडेल. हा दांड्याचा उघडा भाग फोटोत कुणी बघत नाही, पण सायकल लहान मुलाला होईल की नाही हे बरंचसं तोच सांगतो.

आता भाची. डोक्यापासून बुटांपर्यंत १२.७, म्हणजे १२७ सेंटीमीटर. घरच्या दारावर मागच्याच आठवड्यात केलेली खूण ११६ ची आहे, असं ताईने सांगितलं. बुटांचे २ धरले तर ११८. म्हणजे फोटोने तिला ९ सेंटीमीटर फुकट वाढवलं होतं! ताई साधारण ३ मीटरवरून फोटो काढत होती. तेवढ्या अंतरावर मूल एक वीतभर पुढे उभं राहिलं तरी एवढा फरक पडतो.

आणि खरा घोटाळा पायांत होता. सायकलसाठी उंचीपेक्षा जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप महत्त्वाचं. घट्ट पँट असल्यामुळे ते फोटोत मोजता आलं: ५७. सीट ५८ पर्यंत खाली येते, पाय ५७ चे, मग झालंच की! पण १२७ आणि ११८ मध्ये जे प्रमाण आहे तेच इथेही लावलं की ५७ चे ५३ होतात, तेही बुटांसकट. ती अजून आधाराच्या चाकांशिवाय चालवायला शिकलेली नाही. नवशिक्या मुलाचे दोन्ही तळवे सीटवर बसून जमिनीवर सपाट टेकायला हवेत, म्हणजे तिला सीट ५३ किंवा त्याहून खाली हवी. ५ सेंटीमीटर कमी पडतात. तोल गेला की चवडेच टेकणार, आणि त्या क्षणाला मूल जे घाबरतं ते मी पाहिलं आहे. माझ्या मुलाला मी अशीच 'पुढे होईल' म्हणून मोठी सायकल घेतली होती. वर्षभर ती भिंतीला टेकून होती आणि त्याचं शिकणं लांबलं. त्याची मला अजून चुटपुट लागते.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, वर्षभरात वाढेलच की." वाढेल, पण या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात आणि त्यातले जवळपास निम्मेच पायांत जातात. म्हणजे ५ सेंटीमीटरला जवळपास दोन वर्षं लागतील. ती आधीच सायकल चालवत असती तर मी वेगळं सांगितलं असतं. चालवता येणाऱ्या मुलाला चवडे टेकले तरी पुरतात, सीट पायांच्या मापापेक्षा ५-६ सेंटीमीटर वर चालते, आणि हीच सायकल सीट अगदी खाली करून कशीबशी जमली असती.

गुरुवार, सकाळी

काल ताईने पुन्हा फोटो काढला, मी सांगितलं तसा. भाची सायकलच्या शेजारी नाही, मागच्या चाकाच्या मागे, त्याच सरळ रेषेत उभी. ताई पाचेक मीटर मागे सरली, झूम केलं आणि गुडघा टेकवून फोन सीटच्या उंचीवर धरला. उभ्याने फोन खाली वाकवून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात, आणि आपल्याला पायच मोजायचे असतात.

या वेळी बूट आणि टायर एकाच रेषेवर. मोजलं: ११.८. अगदी दारावरच्या खुणेशी जुळलं. तेव्हा कुठे माझा मापावर विश्वास बसला. तरीही भाचीला भिंतीशी उभं करून, पायांमध्ये पुस्तक वर सरकवून, ताईला तिचं अनवाणी माप घ्यायला लावलं. ५१ आलं. बुटांसकट ५३ हे माझं गणित बरोबर होतं.

दुपारी तिसरा फोटो आला, १६ इंची सायकलचा. टायर ४७-३०५, म्हणजे चाक ४० सेंटीमीटर. सीट ५० वर, आणि दांडा वर ओढायला चांगला वाव. या वेळी भाची सीटवर बसलेली. एवढा एक फोटो मी मुद्दाम मागितला होता, कारण उभ्या फोटोतून हँडलपर्यंतचा हात कळत नाही. दोन्ही बूट पूर्ण टेकलेले, कोपरं किंचित वाकलेली, पाठ ताणलेली नाही. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचतात का ते मात्र फोटोत दिसेना. म्हणून ताईला सांगितलं, तळहात मुठीवरून न उचलता तिला ब्रेक आवळायला लाव.

रात्री ताईचा निरोप आला: "दोन्ही ब्रेक लागले. घेतली."