साबण थांबवल्यानंतर

तालुक्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गुप्तांगाची तक्रार घेऊन येणारे रुग्ण बहुधा दुपारी, बाकडी रिकामी झाल्यावर येतात. ४४ वर्षांचे ते दुकानदार गृहस्थही तसेच आले आणि दार लोटून घेतल्यावर पहिले वाक्य बोलले ते असे : "डॉक्टर, देवाशपथ सांगतो, बायकोशिवाय माझा कुणाशी संबंध नाही."

तीन महिन्यांपासून दर संबंधानंतर काही तासांत शिश्नाच्या बोंडीची आग होई, ती लाल होई आणि लघवीचा स्पर्श झाला की चुरचुरे. हा गुप्तरोगच, असे मनाशी धरून ते दिवसातून तीनदा साबणाने आणि जंतुनाशकाच्या पाण्याने धूत होते. औषधाच्या दुकानातून कुणी सुचवलेले मलम लावले की दोन दिवस बरे वाटे, मग आग पुन्हा उठे. ट्यूब पाहिली, तर त्यात स्टेरॉइड होते. त्याने लाली तात्पुरती दबते, पण बुरशीला रान मोकळे मिळते.

तपासताना कातडी मागे घेतली तेव्हा बोंडी तुकतुकीत लाल होती, तिच्यावर बारीक पुटकुळ्या होत्या, खाचेत दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर होता आणि कातडीच्या कडेला उभ्या बारीक चिरा पडल्या होत्या. या चिरा दिसल्या की मी साखर तपासल्याशिवाय रुग्णाला जाऊ देत नाही, कारण साखर वाढलेली असली की लघवीतून उतरणारी साखर कातडीखाली ओलाव्यात राहते आणि कॅन्डिडा नावाची बुरशी तिच्यावर पोसते. त्यांची जेवणानंतरची साखर २८६ निघाली. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले.

बराच वेळ ते गप्प होते. मग मी त्यांना सांगितले की ही बुरशी परस्त्रीकडूनच यावी असे मुळीच नाही. ती पुष्कळांच्या अंगावर एरवीही असते आणि संधी मिळाली की वाढते. पत्नीलाही खाज आणि पांढरे जाण्याचा त्रास असल्याचे त्यांनी विचारल्यावर सांगितले, म्हणून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

साबण आणि जंतुनाशक त्याच दिवशी बंद केले. दिवसातून एकदा आणि संबंधानंतर, कातडी हलकेच मागे घेऊन नुसत्या कोमट पाण्याने धुवायचे, मऊ कापडाने टिपून कोरडे करायचे आणि कातडी आठवणीने पुढे आणायची, कारण ती मागेच अडकली तर बोंडी सुजते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. क्लोट्रिमॅझोलचे १ टक्क्याचे मलम दिवसातून दोनदा, दोन आठवडे दिले. तोवर संबंध टाळायचा, कारण चिरा भरायला हव्यात आणि अशा मलमाने निरोधही कमकुवत होऊ शकतो.

व्रण, पू, किंवा औषधानेही न हटणारा लाल चट्टा असता, तर मी बुरशीवर थांबलो नसतो. लैंगिक आजारांच्या रक्ततपासण्या आणि गरज पडल्यास कातडीचा तुकडा तपासणे भाग पडले असते.

पंधरा दिवसांनी ते आले तेव्हा चिरा भरल्या होत्या आणि आग थांबली होती. या वेळी पत्नी सोबत होती आणि तिच्या हातात त्यांच्या साखरेच्या नोंदींची वही होती.