तीन उपकरणं, चार पोर्ट: एचडीएमआय जुळवतानाचा माझा अनुभव

नवा टीव्ही भिंतीवर लागला त्या दिवशी मला त्याला तीनच गोष्टी जोडायच्या होत्या: साउंडबार, गेमिंग कन्सोल आणि माझा कामाचा पीसी. टीव्हीला एचडीएमआयची चार पोर्ट. एक तर उरेलच, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात सगळं मनासारखं बसायला आठवडा लागला, आणि त्या आठवड्यात कळलं की खोक्यावरचा '2.1' हा एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

2.1 मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. कंपनीने त्यातली एखादी दिली तरी ती 2.1 म्हणू शकते, आणि दिलेली सोय प्रत्येक पोर्टला असेलच असंही नाही. टीव्हीच्या मागे टॉर्च धरून पाहिलं तेव्हा पोर्टांखालची बारीक अक्षरं दिसली. 1 आणि 2 खाली "4K 60Hz", 3 खाली "4K 120Hz eARC/ARC" आणि 4 खाली "4K 120Hz". म्हणजे सेकंदाला 120 फ्रेम घेणारी दोनच पोर्ट, आणि त्यातलं एक साउंडबारसाठी राखीव.

ही गोष्ट मला फार खटकली. साउंडबार टीव्हीला चित्र पाठवतच नाही. टीव्हीचा आवाज उलट दिशेने त्याच्याकडे जातो. या सोयीला आर्क म्हणतात, आणि तिच्या नव्या, जास्त वेगाच्या रूपाला ई-आर्क. त्यासाठी चित्राच्या चार वेगवान जोड्या वापरल्या जात नाहीत. केबलमधली एक वेगळी जोडी वापरली जाते. ई-आर्कचा वेग सेकंदाला साधारण 37 मेगाबिट, तर 120 फ्रेमच्या फोर-के चित्राला 40 गिगाबिटच्या आसपास लागतात. आवाज हा चित्राच्या हजाराव्या हिश्शाइतका, तरी त्याच्यासाठी एक वेगवान पोर्ट अडकून पडतं. याचा एक फायदाही आहे: नुसत्या ई-आर्कसाठी महागडी केबल लागत नाही. इथरनेटची सोय असलेली हाय स्पीड केबल माझ्याकडे होती, ती पुरली.

पोर्ट वाचवायचं म्हणून मी आधी कन्सोल साउंडबारच्याच एचडीएमआय इनपुटला लावला. साउंडबारमधून चित्र पुढे टीव्हीला जातं, आवाज वाटेतच काढून घेतला जातो, एका केबलमध्ये दोन्ही कामं होतात. आवाज पहिल्या झटक्यात उत्तम आला. भाचा खेळायला बसला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मावशी, 120 चा पर्यायच दिसत नाहीये." कन्सोलच्या व्हिडिओ माहितीच्या पानावर 120 समोर 'उपलब्ध नाही' असं होतं. साउंडबारचं माहितीपत्रक शोधलं तर चित्र पुढे देण्याची मर्यादा 18 गिगाबिट, म्हणजे 2.0 ची. त्याच्या ई-आर्कचा दर्जा आणि चित्र पुढे देण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ई-आर्क आहे म्हणजे 120 फ्रेमही जातील, हे मी गृहीत धरलं होतं.

मग कन्सोल थेट पोर्ट 4 ला. टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टाचा सिग्नल 'एन्हान्स्ड'वर करावा लागला. जुन्या उपकरणांना अडचण नको म्हणून हा पर्याय पुष्कळ टीव्हींत सुरुवातीला बंद असतो, आणि तो बंद असला की वेगवान पोर्टही हळूच चालतं. तो चालू केल्यावर 120 आलं. पण दहा-पंधरा मिनिटांनी पडदा एकदम काळा व्हायचा आणि दोन सेकंदांनी चित्र परत यायचं.

मला आधी टीव्हीवर संशय होता, पण दोष केबलचा निघाला. जुन्या पद्धतीच्या सिग्नलमध्ये केबल कमी पडली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसतो. 2.1 च्या वेगवान सिग्नलमध्ये चुका दुरुस्त करायची सोय असते, त्यामुळे चित्र थेट बिघडत नाही. दुरुस्ती हाताबाहेर गेली की जोडणी तुटते आणि दोन्ही उपकरणं वेग पुन्हा ठरवतात. तोच तो काळा पडदा. माझी केबल पाच मीटरची, तांब्याची, जुन्या टीव्हीबरोबरची होती. तिच्या जागी 'अल्ट्रा हाय स्पीड'चं लेबल असलेली दोन मीटरची लावली आणि काळा पडदा बंद झाला. या लेबलवर स्कॅन करून पडताळता येईल असा चौकोनी कोड असतो. केबलच्या वेष्टणावर नुसतं 2.1 छापलेलं असलं तर त्याला प्रमाणपत्र म्हणता येत नाही. लांब अंतर असेल तर ऑप्टिकल केबल घ्यावी लागते. ती एकाच दिशेने चालते, टोकांवर लिहिलेलं बघून लावावी. तीच ई-आर्कसाठी वापरायची असेल तर ती आवाज उलट दिशेने नेते का, हे आधी विचारून घ्यावं, कारण सगळ्या नेत नाहीत.

चित्र जागेवर आलं तर आवाज गेला. गेला म्हणजे बंद नाही पडला, दोन वाहिन्यांवर आला. भाच्याच्या लक्षात आलं नव्हतं, मला आलं, कारण साउंडबारच्या छोट्या पडद्यावर "PCM 2.0" दिसत होतं. कन्सोल लिनियर पीसीएम पाठवतो, म्हणजे आवाज न दाबता, जसाच्या तसा. साधा आर्क असा आवाज फक्त दोन वाहिन्यांचा नेऊ शकतो. पाच-सात वाहिन्यांचा न दाबलेला आवाज न्यायला ई-आर्कच लागतो. केबल ई-आर्कच्या पोर्टात होती, पण टीव्हीच्या ध्वनीच्या मेनूत ई-आर्कचा पर्याय बंद होता आणि दोघे साध्या आर्कवर बोलत होते. तो 'ऑटो' केला, डिजिटल आउटपुट 'पास थ्रू' केलं, दोन्ही उपकरणांची वीज एक मिनिट काढून ठेवली, आधी टीव्ही आणि मग साउंडबार लावला. पडद्यावर "PCM 5.1" आलं.

इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. साउंडबारवर 'अ‍ॅटमॉस' हे चहूबाजूंनी आणि वरून येणाऱ्या आवाजाच्या पद्धतीचं नाव दिसलं की ई-आर्क चालू आहे असं समजू नका. टीव्हीतल्या ॲपमधून येणारा अ‍ॅटमॉस दाबलेल्या स्वरूपात येतो आणि तो साध्या आर्कवरूनही जातो. कोणी फक्त ॲपवरच बघणार असेल, तर ई-आर्क नसला तरी फारसं बिघडत नाही. फरक पडतो तो डिस्कवरच्या ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडीसारख्या आवाजाला आणि कन्सोलच्या पीसीएमला. खात्री करायची तर कन्सोल पीसीएमवर ठेवायचा आणि साउंडबार किती वाहिन्या दाखवतो ते बघायचं.

आता पीसी. उरलेली पोर्ट 1 आणि 2, दोन्ही 60 फ्रेमची. मला वाटलं, पीसीच्या वाट्याला दुय्यम जागा आली. पण इथे हिशेब मांडून बघितला आणि विचार बदलला.

फोर-के म्हणजे 3840 गुणिले 2160 ठिपके. वायरवरून मात्र दोन ओळींमधली आणि दोन फ्रेममधली मोकळी जागाही जाते, त्यामुळे प्रत्येक फ्रेम 4400 गुणिले 2250 धरतात. सेकंदाला 60 फ्रेम आणि प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याला प्रत्येकी 8, असं धरलं की 14.26 गिगाबिट होतात. जुन्या पद्धतीत दर आठ बिटांसाठी वायरवर दहा बिट पाठवतात, म्हणून प्रत्यक्षात 17.82. मर्यादा 18. अगदी काठोकाठ, पण मावतं. रंगाची काहीही काटछाट न करता 60 फ्रेमचा पूर्ण फोर-के या पोर्टातून जातो. तक्ते, मजकूर आणि पत्रव्यवहार यांसाठी मला याहून जास्त काही नको होतं.

गडबड झाली एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र, चालू केल्यावर. हौसेने विंडोजमध्ये एचडीआर सुरू केलं आणि तक्त्यातले काळ्यावरचे लाल आकडे कडांना विरघळल्यासारखे दिसू लागले. पांढरी अक्षरं धारदार, लाल मात्र पुसट. एचडीआरला प्रत्येक रंगाला 10 बिट लागतात. तोच हिशेब 30 बिटांनी केला की 22.28 गिगाबिट होतात, आणि 18 च्या पोर्टात ते मावत नाहीत. मग ग्राफिक्स कार्ड उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं आणि रंगाची माहिती शेजारच्या दोन ठिपक्यांत वाटून टाकतं. यालाच 4:2:2 म्हणतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या प्रगत पानावर ते वाचायला मिळालं: "YCbCr422". एचडीआर बंद केलं, तिथे "RGB" आणि 8 बिट आले, लाल आकडे पुन्हा धारदार झाले.

गंमत अशी की कन्सोलही 120 फ्रेमला 4:2:2 च पाठवतो, कारण त्याचा स्वतःचा वेग 32 गिगाबिटपर्यंतच आहे आणि 10 बिटांचा पूर्ण रंग 120 फ्रेमला 40 च्या घरात जातो. पण तिथे ते कधीच खुपत नाही. हलत्या चित्रात, सोफ्यावरून, रंगाची अर्धी माहिती गेलेली डोळ्याला जाणवत नाही. जाणवते ती फक्त बारीक रंगीत अक्षरांत, जवळून. म्हणून पोर्ट 4 कन्सोललाच ठेवलं आणि पीसी पोर्ट 2 वर, एचडीआर बंद. पीसीवर खेळायचं असतं, तर वाटणी उलट केली असती किंवा 48 गिगाबिटचा एचडीएमआय स्विच घेतला असता.

व्हीआरआरही कन्सोलच्या पोर्ट 4 वर चालतं. गेमची फ्रेम उशिरा आली तर टीव्ही तिच्यासाठी थांबतो, त्यामुळे चित्र फाटत नाही. खेळणाऱ्याला हे 120 इतकंच महत्त्वाचं. एएलएलएम म्हणजे गेम सुरू होताच टीव्हीने आपणहून गेम मोडमध्ये जाणं. सोयीचं आहे, पण तेच काम रिमोटनेही होतं, त्यामुळे टीव्ही निवडताना मी त्याला वजन देणार नाही.

बहिणीने परवा टीव्ही घ्यायचा म्हणून फोन केला. तिला मी एवढंच विचारायला सांगितलं: 120 घेणारी पोर्ट किती, प्रत्येकाचे गिगाबिट किती, आणि ई-आर्क त्यांतल्याच एकावर आहे की 60 च्या पोर्टावर. तिच्या मनात असलेल्या टीव्हीत ई-आर्क 60 च्या पोर्टावर निघाला. 120 ची दोन्ही पोर्ट मोकळी. माझ्या टीव्हीत हेच असतं तर पीसी आणि कन्सोल दोघांनाही पूर्ण वेग मिळाला असता.